पानिपतानंतरचे दोन आवाज

मराठी श्रुतिकेने इतिहासातल्या लढाया पुष्कळ लढविल्या, परंतु लढाई संपल्यानंतरचा दिवस तिला क्वचितच साधला, असे माझे दीर्घकालीन श्रवणावरून बनलेले मत आहे. 1953 साली पुण्याला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाल्यापासून ऐतिहासिक श्रुतिकांची एक ठरीव घडण आपल्याकडे रूढ झाली. प्रथम शंखध्वनी अथवा नौबत, मग घोड्यांच्या टापा, मग तलवारींचा खणखणाट, आणि या सर्वांवर आरूढ झालेला निवेदकाचा धीरगंभीर स्वर. लढाई चालू आहे तोवर ही सामग्री कशीबशी पुरते. पण लढाईनंतरच्या रणांगणावर खणखणाट नसतो, आणि कानाने ऐकण्याजोगे जे काही तेथे उरते त्याची निवड करावयास आपले लेखक आणि निर्माते शिकलेले नाहीत. हा दोष जेथे सर्वांत ठळक दिसतो, असा मराठी माणसाच्या मनातला प्रसंग एकच आहे. तो म्हणजे 14 जानेवारी 1761 चे पानिपत.

पानिपताविषयी लिहिणाऱ्याला एक मोठी सोय उपलब्ध आहे, आणि तिच्याकडे झालेले दुर्लक्ष मला खटकते. त्या दिवसाचे दोन लिहिते साक्षीदार आपणांस लाभले आहेत, आणि ते परस्परविरुद्ध गोटांतले आहेत. एक काशीराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी कारकुनी करीत होता. भाऊसाहेब आणि नवाब यांच्यातले तहाचे जाबसाल त्याच्या हातून चालत असत, आणि सुमारे वीस वर्षांनी त्याने आपला वृत्तान्त फारसीत लिहून ठेविला. दुसरे बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढे ज्यांच्या हाती सारी पेशवाई आली ते नाना फडणीस. त्या वेळी नानांना एकोणिसावे वर्ष सरत होते. यात्रेच्या निमित्ताने आई आणि पत्नी यांसह ते फौजेबरोबर गेले होते, आणि त्यांचे जे लहानसे आत्मवृत्त उपलब्ध आहे त्यात पानिपताहून झालेल्या पलायनाची हकीकत आहे.

श्रुतिकाकाराला याहून अधिक काय हवे? एक साक्षीदार लढाईनंतर रणांगणात शिरतो आणि दुसरा रणांगणापासून दूर पळतो. एकाला मोजणे, ओळखणे आणि नोंद करणे प्राप्त आहे. दुसऱ्याला स्वतःची ओळख पुसून टाकणे भाग आहे. काशीराज नवाबाच्या आश्रयाने उजळ माथ्याने फिरतो, आणि नाना अंगावरची वस्त्रे टाकून, लंगोटी लावून, गवतात लपत आणि झाडपाला खात रेवाडीच्या बाजूस सरकतात. दोघेही मराठी बोलणारे, दोघेही लेखणीचे धनी. तरी त्यांची गाठ पडत नाही, आणि श्रुतिकेतही ती पडता कामा नये. आमचे लेखक नेमके येथे चुकतात. दोन पात्रे मिळाली की त्यांना समोरासमोर आणून संवाद करावयास लावल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही, आणि मग जे दोघांनाही ठाऊक आहे तेच दोघे एकमेकांस सांगू लागतात.

या संदर्भात धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’ची आठवण अपरिहार्य आहे. भारतीय युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी सुरू होणारी ही हिंदी कृती 1954 च्या सुमाराची, आणि रंगभूमीवर गाजण्यापूर्वी ती अलाहाबाद आकाशवाणीवरून ध्वनिक्षेपित झालेली. तिच्यातले दोन प्रहरी ओसाड राजवाड्यात येरझारा घालतात. त्यांनी युद्ध जिंकलेले नाही आणि हरलेलेही नाही. राखावयास काही उरले नसताना ते राखण करीत आहेत. युद्धाचा शेवट वीरांच्या तोंडून न ऐकविता पहारेकऱ्यांच्या तोंडून ऐकविण्यात भारतींनी जी सूक्ष्म श्रवणदृष्टी दाखविली, तिची बरोबरी करील अशी मराठी श्रुतिका मी ऐकलेली नाही. रचनेतली एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे: निवेदनाचे काम तेथे कथागायनाकडे सोपविलेले आहे, आणि ते गायन स्थळकाळ सांगून बाजूस सरते, साक्षीदारांच्या अनुभवावर निकाल देत बसत नाही.

आपल्या निवेदकाला नेमकी हीच शिस्त नाही. पानिपताच्या श्रुतिकेत तो बहुधा मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या त्या प्रसिद्ध सावकारी पत्राने आरंभ करतो, मग ‘विश्वास गेला पानिपतावर’ हा श्लेष करतो, आणि साक्षीदाराला तोंड उघडण्यापूर्वीच श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे कर्तव्य उरकून घेतो. वास्तविक त्याच्यावाचून अडेल असे एक काम आहे, आणि ते तो करीत नाही. ते काम म्हणजे दिशा सांगणे. पानिपत दिल्लीच्या उत्तरेस. परंतु अब्दाली यमुना उतरून मध्ये येऊन बसल्यामुळे मराठ्यांची तोंडे दक्षिणेकडे, म्हणजे घराकडे होती, आणि शत्रू घराच्या वाटेवर उभा होता. हे कळल्याशिवाय नाना आधी पश्चिमेस का गेले, आणि सरळ दिल्लीची वाट त्यांनी का धरली नाही, याचा उलगडा होत नाही. कानाला नकाशा नसतो. तो निवेदकाने चार वाक्यांत काढून द्यावा आणि गप्प बसावे.

अर्ध्या तासाच्या संहितेतला एक तुकडा मी येथे मुद्दाम रचून दाखवितो. शब्द माझे आहेत. आधार त्या दोन वृत्तान्तांचा आहे.

निवेदक: पंधरा जानेवारी. गुरुवार. सकाळ.

काशीराज: नवाबसाहेबांची माणसे बरोबर होती. प्रेतांचे ढीग पडले होते. ते मोजले. बत्तीस भरले.

नाना: सूर्य पाठीशी होता, म्हणजे मी पश्चिमेलाच चाललो होतो. एवढेच मला ठाऊक.

काशीराज: एका ढिगात पाचशे, एकात हजार. बेरीज अठ्ठावीस हजारांची झाली.

नाना: वाटेत कोणी भेटले तर नाव विचारले नाही. आपले सांगितले नाही. मातोश्री कोठे आहेत, हे कोणाला विचारावे?

या तुकड्यात विशेषणे नाहीत, आणि ती घालण्याचा मोह प्रत्येक ओळीला होतो, हे मी जाणतो. परंतु काशीराजाचा आकडा ऐकून श्रोता जो थरारतो तो हिशेबाच्या कोरडेपणामुळेच. कारकून मोजतो आहे, आणि ज्यांना मोजतो आहे ते त्याच्याच मुलखाचे आहेत. हाच आकडा निवेदकाच्या मुखी घातला तर त्याची माहिती होते. साक्षीदाराच्या मुखी तो त्याचे ओझे होतो. नानांच्या आईचा शोध पुढे लागला नाही, तिच्या मृत्यूची वार्ता तेवढी कानी आली, आणि पत्नी मात्र सुखरूप येऊन मिळाली. हा तपशील शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत राखून ठेविला पाहिजे. आरंभीच सांगून टाकला तर त्यांच्या सगळ्या वाटचालीतला प्रश्न नाहीसा होतो.

ध्वनियोजनेविषयी दोन शब्द. काशीराजाचा आवाज ध्वनिग्राहकाच्या निकट, बंद खोलीत नोंदवावा, कारण तो वीस वर्षांनंतर दिवाणखान्यात बसून सांगतो आहे. नानांचा आवाज किंचित दुरून आणि मोकळ्या जागेत, चालत्या माणसाच्या श्वासासह. इतका भेद केला की नावे न घेताही कोण बोलते ते कळते. संहितेची परीक्षाही अशीच घ्यावी: पात्रांची नावे हाताने झाकून ओळी मोठ्याने वाचाव्यात, आणि वाक्य कोणाचे ते ओळखू आले नाही तर ते वाक्य पुन्हा लिहावे. शांततेचा वापर यापेक्षा अवघड आहे. नभोवाणीवर निखळ शांतता काही क्षणांपलीकडे टिकत नाही, कारण श्रोता यंत्र बिघडले असे समजून कळ फिरवू लागतो. म्हणून शांततेच्या दोन्ही बाजूंस एखादा क्षीण ध्वनी ठेवावा लागतो. गवताची सळसळ पुरे. करुण सनई मात्र कटाक्षाने टाळावी. तिने श्रोत्याला काय वाटावे ते आधीच सांगितलेले असते.

सर्वांत नाजूक स्थळ भाऊसाहेबांच्या देहाचे. काशीराजाच्या वृत्तान्ताप्रमाणे शिर नसलेला एक देह सापडला, अंगावरच्या खुणांवरून, विशेषतः मुजफरखानाच्या कट्यारीच्या जुन्या व्रणावरून, तो भाऊसाहेबांचा ठरविण्यात आला, शिर मागाहून एका दुराणी स्वाराकडे मिळाले आणि दहन झाले. तरीही महाराष्ट्राने हे मानले नाही. पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, आणि पुढे स्वतःस भाऊसाहेब म्हणविणारा तोतया उभा राहून 1776 पर्यंत त्याने पुण्याच्या दरबाराला जेरीस आणले. माझा आग्रह असा की निवेदकाने येथे निर्णय देऊ नये. काशीराजाने खुणा सांगाव्यात. नानांनी आपण भाऊसाहेबांना शेवटचे केव्हा पाहिले तेवढेच सांगावे. आणि या दोन साक्षींमध्ये जी पोकळी उरते ती तशीच राहू द्यावी, कारण त्या पोकळीतच पंधरा वर्षे तोतया जगला. इतिहासकाराने ती भरून काढावी हे योग्य आहे; श्रुतिकाकाराने ती ऐकवावी.

हे मी वाघोलीत बसून लिहितो आहे, आणि या गावाचा पानिपताशी असलेला दूरचा संबंध मला या संहितेच्या संदर्भात वारंवार जाणवतो. नगर रस्त्यावरच्या या गावी, वाघेश्वराजवळ, पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. 1737 साली मल्हारराव होळकरांसह ते यमुनेपलीकडे दुआबात उतरले, तेव्हा सादतखानाने त्यांना मागे रेटले; आणि त्याच सादतखानाचा दौहित्र शुजाउद्दौला. म्हणजे काशीराज ज्या छावणीत उभा होता, तिचा धनी वाघोलीकरांना अगदीच अनोळखी घराण्यातला नव्हता. पिलाजी 1751 साली वारले. त्यांनी पाहिलेला उत्तर हिंदुस्थान हा जाऊन परत येण्याचा मुलूख होता. दहा वर्षांनी तो परत न येण्याचा झाला. 2021 पासून वाघोली पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, उंच इमारतींनी वाडे झाकले आहेत, आणि येथले तरुण नोकरीच्या वाटेवर कानात यंत्र घालून तासन् तास कथा ऐकत असतात. श्रोता नाहीसा झाला ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. आकाशवाणीच्या वेळापत्रकातून श्रुतिका आकसली असेल; ऐकणारा वाढलाच आहे, आणि तो एकटा, कानाशी निकट असलेल्या आवाजाला सरावलेला आहे. दोन साक्षीदारांच्या या प्रकाराला याहून अनुकूल श्रोता मागच्या पिढीतही नव्हता.

एक मर्यादा मात्र या दोन साक्षींनी सुटत नाही. दोन्ही आवाज पुरुषांचे, लिहित्या वर्गाचे आणि अखेरीस वाचलेल्यांचे आहेत. काशीराज सांगतो की सहा-सात हजार माणसे शुजाच्या गोटात आश्रयाला आली आणि त्याने त्यांच्यावर पहारे बसवून त्यांना राखले. दुराण्यांच्या हाती पडलेल्यांचे काय झाले तेही तो सांगतो. परंतु बुणग्यांतल्या बाया, पोरे, शागीर्दपेशा, यात्रेकरू यांतल्या कोणी आपली हकीकत लिहून ठेविलेली नाही. त्यांच्या तोंडी कल्पित भाषणे घालून तिसरा साक्षीदार निर्माण करण्याकडे अलीकडच्या लेखकांचा कल दिसतो, आणि त्यामागची कळकळ मी समजू शकतो; तथापि तसे केल्याने दोन अस्सल साक्षींची किंमत कमी होते, कारण श्रोत्याला खरे कोठे संपले हे कळत नाही. येथे निवेदकाला त्याचे दुसरे काम मिळते. या लोकांचा वृत्तान्त कोणी लिहिला नाही, एवढे त्याने आपल्या आवाजात, काशीराजाची बेरीज संपताच, नानांच्या पुढच्या ओळीआधी सांगावे.