‘साठा’ ह्या शब्दाचा अर्थ : एका तपासणी-अहवालाची चिकित्सा

बँकेच्या व्यवहारात लिहिल्या जाणाऱ्या गद्याकडे भाषाभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः ज्या गद्यातील एका नामाच्या अर्थावर चाळीस लाख रुपयांचा फरक अवलंबून असतो, त्याची चिकित्सा करणे अनाठायी ठरू नये. प्रस्तुत लेखात अशा एकाच अहवालाचा विचार करावयाचा आहे. इचलकरंजीतील एका यंत्रमागधारकास एका नागरी सहकारी बँकेने कॅश क्रेडिट दिले होते. त्याच्या मालाची व येण्यांची तपासणी करून लेखापरीक्षकाने मराठीत लिहिलेला हा स्टॉक ऑडिटचा अहवाल नावे उघड न करण्याच्या अटीवर मला वाचावयास मिळाला. विवेचनाच्या सोयीसाठी आकडे मी गोल केले आहेत.

अशा कर्जात मंजूर मर्यादा एक असते आणि प्रत्यक्ष उचल किती करता येईल हे दुसरेच गणित ठरविते. ह्या गणिताच्या उत्तरास ‘ड्रॉइंग पॉवर’ म्हणतात. मालाच्या किमतीतून त्या मालापोटी द्यावयाची रक्कम वजा करावयाची, उरलेल्या रकमेतून मार्जिन सोडावयाचे आणि त्यात ठराविक मुदतीच्या आतील येण्यांचा मार्जिन सोडून उरलेला भाग मिळवावयाचा. प्रस्तुत मंजुरीपत्रात मालावर २५ टक्के व बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आतील येण्यांवर ४० टक्के मार्जिन होते. कर्जदाराने ३१ मार्चच्या पत्रकात साठा १६० लाख, देणी ४० लाख आणि येणी १२० लाख दाखविली होती. १२० लाखांच्या ७५ टक्के म्हणजे ९० लाख, व येण्यांच्या ६० टक्के म्हणजे ७२ लाख. एकूण १६२ लाख. खात्यावर बाकी १५५ लाखांची होती. तपासनीसाने हाच १६२ लाखांचा आकडा ‘योग्य आढळून आला’ असे लिहून मान्य केला.

माझा आक्षेप असा की, ह्याच अहवालाची परिशिष्टे ह्या वाक्याविरुद्ध साक्ष देतात.

प्रथम ‘साठा’ हा शब्द घेऊ. मराठी भाषक ‘सूत माझ्याजवळ आहे’, ‘सूत माझ्याकडे आहे’ आणि ‘सूत माझे आहे’ ही तीन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरीत नाही. पहिल्यात सान्निध्य आहे, दुसऱ्यात ताबा आहे, तिसऱ्यात मालकी. ‘साठा’ हे नाम मात्र हे तिन्ही भेद गिळून टाकते. इचलकरंजीत ह्या भेदाला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे अनेक यंत्रमागधारक खर्चीवाले असतात. म्हणजे व्यापारी सूत देतो, हे कापड विणून देतात आणि त्यांना मजुरी मिळते. आपला कर्जदार स्वतःचेही सूत घेत असे आणि खर्चीचेही काम करीत असे. परिशिष्टातील पोत्यांच्या यादीत गिरणी, काउंट व वजन ह्यांच्या रकान्यांपुढे चलन क्रमांकाचा एक रकाना आहे. २४० पोत्यांपुढे तेथे व्यापाऱ्याच्या चलनाचा क्रमांक दिलेला आहे, खरेदीच्या बिलाचा नाही. पोते ५० किलोचे व दर किलोस २५० रुपये धरला, तर हे ३० लाखांचे सूत होते. ते कर्जदाराकडे होते, कर्जदाराचे नव्हते. बँकेला तारण म्हणून ते मिळणे शक्यच नव्हते. तपासनीसाने पोती मोजली, आणि ती बरोबर मोजली, ह्यात शंका नाही. पण मोजणीने संख्या सिद्ध होते, षष्ठी सिद्ध होत नाही. (ह्याची उलट बाजूही आहे. सायझिंगला गेलेले स्वतःचे सूत कर्जदाराचे असते, पण त्याच्याकडे नसते. तेथे अहवालाने सायझिंगवाल्याचे लेखी पत्र घेऊन ते धरले, हे योग्यच झाले.)

दुसरा मुद्दा देण्यांचा. २९ मार्चला ९६ पोती सूत गोदामात उतरले. आवक नोंदवहीत ते आहे आणि मोजणीतही आले आहे. त्याचे १२ लाखांचे बिल मात्र ३ एप्रिलला खतावणीत चढले, म्हणून ३१ मार्चच्या देण्यांत ते दिसत नाही. माल मार्चमध्ये व त्याचे देणे एप्रिलमध्ये, अशी ही विभागणी होते, आणि पुरवठादाराच्या पैशावर आलेल्या मालावर बँक पुन्हा पैसे देते. वर्षअखेरीच्या शेवटच्या आठवड्यातील आवक व पुढील पंधरवड्यातील खरेदीची बिले समोरासमोर ठेवली की हे तत्काळ कळते. दोन्ही कागद अहवालास जोडलेले आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम मात्र वाचकावर सोडले आहे.

येण्यांचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘९० दिवसांपेक्षा जुनी येणी आढळून आली नाहीत’ असे अहवाल म्हणतो. येण्याचे वय म्हणजे काय? बिलाची तारीख हा त्याचा जन्म मानला, तरी कोणते बिल फिटले व कोणते राहिले हे आधी ठरवावे लागते. हिशेबाच्या संगणकप्रणालीत आलेली रक्कम बिलाशी जोडली नसेल, तर ती सर्वांत जुन्या बिलापोटी धरून वय काढण्याची पद्धत आहे. एका कापड व्यापाऱ्याकडे १४ नोव्हेंबरचे २५ लाखांचे बिल होते. त्याने २० फेब्रुवारीस ११ लाख ४० हजार व १० मार्चला १३ लाख ६० हजार दिले. बेरीज २५ लाख. यंत्राने नोव्हेंबरचे बिल फिटले असे मानले. परंतु ६ जानेवारीचे बिल नेमके ११ लाख ४० हजारांचे आणि १९ जानेवारीचे नेमके १३ लाख ६० हजारांचे आहे. व्यापारी जानेवारीची बिले भागवीत होता. नोव्हेंबरच्या ताग्यांबद्दल त्याची तक्रार होती, हे जोडलेल्या पत्रव्यवहारावरून दिसते. म्हणजे ३१ मार्चला राहिलेले येणे ८४ व ७१ दिवसांचे नसून १३७ दिवसांचे होते. एकूण रक्कम तीच राहते, म्हणून नुसत्या बाकीच्या पत्राने हा दोष उघड होत नाही; व्यापाऱ्याकडून बिलवार खुलासा मागवावा लागतो.

आता गणित पुन्हा मांडू. साठा १३० लाख, देणी ५२ लाख, शिल्लक ७८ लाख. त्याचे ७५ टक्के साडेअठ्ठावन्न लाख. येणी ९५ लाख, त्यांचे ६० टक्के ५७ लाख. ड्रॉइंग पॉवर ११५.५ लाख होते, आणि खात्यावरील १५५ लाखांपैकी ३९.५ लाख तारणाच्या आधाराबाहेर पडतात. बाकी ड्रॉइंग पॉवरपेक्षा सलग ९० दिवसांहून अधिक काळ जास्त राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते अनुत्पादक ठरते. तेव्हा ह्या आकड्याशी ठेवीदारांचा जसा संबंध आहे, तसाच जामीनदाराच्या घराचाही आहे.

कर्जदाराने फसविले असा निष्कर्ष मी काढीत नाही. शेडमधील सर्व सूत त्याच्या दृष्टीने ‘आपल्याकडचे’च होते, आणि पत्रकाच्या छापील नमुन्यात त्याला एकच रकाना दिलेला होता. दोष अहवालाच्या क्रियापदात आहे. पोती मोजली तेथे ‘आढळून आले’, मालकाने सांगितले तेथे ‘आढळून आले’, आणि यंत्राने छापून दिले तेथेही ‘आढळून आले’. ह्या रचनेत कर्ता नाही आणि पुराव्याची प्रतही नाही. ‘मी १७ एप्रिलला मोजले व मधली आवक-जावक धरून ३१ मार्चपर्यंत मागे नेले’, ‘कर्जदाराने सांगितले’, ‘चलनावरून दिसते’ असे तीन निरनिराळे प्रयोग केले असते, तर २४० पोत्यांच्या मालकीपुढे कोणते वाक्य लिहावयाचे, हा प्रश्न लिहितानाच तपासनीसापुढे उभा राहिला असता. तीन दिवसांत व अल्प मोबदल्यात हे काम उरकावे लागते, ही अडचण खरी आहे. परंतु चलनाचा रकाना त्याने स्वतःच भरला होता.