सांधा दिसला म्हणून गाणं मोडत नाही

के-पॉपबद्दल अलीकडे एक कौतुक वारंवार वाचायला मिळतं: गाणी आता सोपी झाली, कानाला गोड लागतात. न्यूजीन्सचं २०२३ मधलं ‘सुपर शाय’ घ्या. जेमतेम अडीच मिनिटांचं, एका लयीत वाहणारं. अशी गाणी म्हणजे या कलेला आलेली प्रौढता, असं मानलं जातं. मला ती माघार वाटते. ‘हे एक गाणं आहे की चार?’ असा प्रश्न पडलेल्या आईवडिलांना या सोपेपणाने हायसं वाटेल. पण ज्या गाण्यांमुळे तो प्रश्न पडतो, त्यांतच के-पॉपचं खरं बळ आहे. आपला कान मुखडा-अंतऱ्यावर पोसलेला आहे. अंतरा कितीही दूर गेला तरी मुखड्याशी परतणार, याची आपल्याला खात्री असते. ती खात्री इथे मिळत नाही, म्हणून गाणं विस्कटलेलं वाटतं.

गर्ल्स जनरेशनचं १ जानेवारी २०१३ रोजी आलेलं ‘आय गॉट अ बॉय’ या दृष्टीने ऐकावं. साडेचार मिनिटांचं हे गाणं संथ हिप-हॉप ठेक्यावर, जवळजवळ बोलण्यासारख्या रॅपने सुरू होतं: एका मैत्रिणीत अचानक झालेल्या बदलावर कुजबुज चालली आहे. मग लय एकदम धावते आणि दुसरीच मुलगी लांब सुरांत गाऊ लागते. पुढे लय पुन्हा उतरते, आणि ती चढवायची वेळ येते तेव्हा गाण्यातच १४० च्या वेगावर परतण्याची घोषणा होते. म्हणजे सांधा लपवलेला नाही, बोट ठेवून दाखवलेला आहे. हे तुकडे कशाने बांधलेत? प्रसंगाने. नऊ मुली एकमेकींशी बोलताहेत; कुणी चिडवतं, कुणी रडकुंडीला येतं, कुणी सल्ला देतं. बोलणारी बदलली की लय बदलते. त्यात शीर्षकाची ओळ आणि घोष पुन्हा पुन्हा येऊन ऐकणाऱ्याला जागेवर आणतात. मुखड्याचं काम इथे एवढ्याशा खुणा करतात.

रॅपबद्दलची तक्रार जुनी आहे: हे गाणं नव्हे, बडबड आहे. पोवाडा ऐकलेल्या माणसाने तरी ती करू नये. शाहीर गाता गाता थांबतो, गद्यात प्रसंग सांगतो, झीलकरी सूर उचलतात आणि गाणं पुन्हा पेटतं. बोलण्याने गाणं तुटत नाही, पुढच्या सुराची भूक वाढते. के-पॉपमध्ये आवाज सतत बदलण्याला शारीरिक कारणही आहे. नऊ जणी नाचत गातात, म्हणून एकीच्या वाट्याला एका वेळी काही सेकंदांचीच ओळ येते. ओळ संपली की ती मागे सरकते, दुसरी मधोमध येते, पहिलीला दम घ्यायला अवसर मिळतो. तेयॉनसारखी मुख्य गायिका चढे सूर पेलते, ह्योयॉनसारखी मुख्य नर्तिका नाचाचा भार उचलते, रॅपर शब्दांची गती सांभाळते. कोण गातंय हे न पाहता केवळ ऐकलं, तर या रचनेचा निम्मा अर्थ निसटतो.

आक्षेप असा येतो की ही कारागिरी नसून जुळवाजुळव आहे: ठेका एकाचा, चाल दुसऱ्याची, आणि अखेर कंपनी ठरवणार. ‘आय गॉट अ बॉय’च्या रचनेतही नॉर्वेच्या डीसाइन म्युझिकचे संगीतकार आणि कोरियाचे यू यंग-जिन होते, हे खरं आहे. पण अनेक हात लागणं हा दोष नव्हे. प्रश्न आहे तो ते हात एकाच प्रसंगासाठी राबले का, हा. ते नाही झालं की काय होतं, हे एनमिक्सच्या २०२२ मधल्या ‘ओ.ओ’मध्ये ऐकू येतं. आदळणाऱ्या ठेक्यातून गाणं मध्येच उजळ पॉप-रॉकमध्ये शिरतं आणि परततं. पण मधल्या भागात कुणी नवं बोलायला आलंय असं जाणवत नाही, नुसता ठेका बदलतो. पारख अवघड नाही. मधला भाग मनातल्या मनात काढून टाकावा. ‘ओ.ओ’चं फारसं बिघडत नाही. ‘आय गॉट अ बॉय’मधून मात्र एक मैत्रीण उठून जाते.

फसलेल्या सांध्यांवरचा उपाय म्हणून सांधेच काढून टाकणं, हे मला पटत नाही. अडीच मिनिटांत आधी जातो तो ब्रिज, म्हणजे शेवटच्या धृपदाआधीचा तो वेगळा तुकडा, जिथे मुख्य गायिकेचा आवाज कसाला लागतो. मग सगळ्यांच्या वाट्याला सारख्याच मृदू ओळी येतात आणि चार-पाच कंठ एकाच कंठासारखे वाजतात. एकाच गायिकेने गायलं असतं तरी चाललं असतं, असं गाणं पाच जणींना देण्यात समूहाचा काय उपयोग झाला? वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळं बोलावं आणि तरी गाणं एक राहावं, यासाठी हा प्रकार घडला. म्हणून गोंधळलेल्या पालकांना माझं सांगणं आहे: सोप्या गाण्यापासून सुरुवात करू नका. अवघड गाणं घ्या, आवाज बदलेल तिथे कान द्या, आणि आता कोण बोलायला आलं ते मुलीला विचारा. उत्तर तिच्या ओठांवर असेल.