टाळ्या नक्की कुणासाठी?

आज आपण फक्त एका टाळीबद्दल बोलू. आमच्या चित्रपट अभ्यास मंडळाचा एक चॅट ग्रुप आहे. मध्यंतरी एका नव्या सदस्येनं तिथं कळवलं, की तिचा पहिला अनुवाद छापून आला. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी लगेच एक जिफ पाठवली: काळोखातला एक माणूस, गंभीर चेहरा, जोरजोरात टाळ्या वाजवतोय. दोन-तीन सेकंदांचा तुकडा, पुन:पुन्हा तोच. काकांना म्हणायचं होतं, ‘व्वा, शाब्बास!’ त्या मुलीला तो टोमणा वाटला. पुढचे कित्येक दिवस ती ग्रुपवर काहीच बोलली नाही.

आता हा टाळ्या वाजवणारा माणूस कोण? तो ऑर्सन वेल्स. चित्रपट १९४१ चा, ‘सिटिझन केन’. केन हा गडगंज वृत्तपत्रमालक. बायको सुझन हिला ऑपेराची गायिका करायचा त्याचा हट्ट, म्हणून शिकागोत चक्क ऑपेरा हाऊस बांधतो. तिचा आवाज काही त्या तोलाचा नाही. पहिला प्रयोग पडतो. प्रेक्षक उपचार म्हणून थोड्या टाळ्या वाजवतात, त्या विरतात, आणि केन मात्र एकटाच वाजवत राहतो. त्याच्या टाळीत कौतुक फारसं नाहीच. आपला निर्णय चुकला हे जगाला कबूल न करण्याची जिद्द आहे.

हा अर्थ प्रेक्षकापर्यंत पोचतो तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे आवाज. सभागृह शांत होत गेल्यावर त्या एकाच माणसाच्या टाळ्या कानाला टोचतात. दुसरी म्हणजे शेवट. तो कधीतरी थांबतो, आणि थांबल्यावर त्याचं एकटेपण आपल्याला दिसतं. जिफनं नेमक्या याच दोन गोष्टी काढून टाकल्या. जिफ हा प्रकार १९८७ चा, आणि त्यात आवाजाला जागाच नव्हती. आज चॅटमधून येते ती बऱ्याचदा खरं तर छोटी मूक व्हिडिओ फाईल असते, पण गुण तेच. आणि आवर्तन म्हटलं की शेवट नाही. म्हणजे केन आता कधीच थांबत नाही! आवाज गेला, सभागृह गेलं, सुझन गेली. उरला एक जोरात टाळ्या वाजवणारा माणूस. मग लोकांनी ती शाबासकी म्हणून वापरली, यात नवल ते काय?

पण अर्थ तिथंही थांबला नाही. शाबासकीची खूण फार वापरली, की ती उपहासाला उपलब्ध होते. आपल्याकडे ‘फार हुशार आहेस’ हे वाक्य बघा, नुसत्या सुरावर उलटतं. जिफला सूर नसतो, म्हणून ती उलटलीय की नाही हे पाठवणाऱ्याचे मित्रच जाणतात. त्यात हा गंभीर, न हसणारा चेहरा! त्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणी फजिती करून घेतली की हीच जिफ पडायची. तिच्यासाठी तो ठरलेला अर्थ होता. काकांच्या मित्रमंडळात असा वापर कधी झालाच नव्हता.

आणि गंमत पुढेच आहे. ग्रुपमधल्या तिसऱ्याला मूळ प्रसंग पाठ. त्यानं वाचलं ते असं: ‘काम बेताचंच आहे, पण आपलं माणूस म्हणून टाळ्या.’ एक चित्र, तीन माणसं, तीन अर्थ. मूळ चित्रपट माहीत असणारा माणूस इथं पाठवणाऱ्याच्या मनापासून सगळ्यांत लांब गेला. तेव्हा ‘मूळ अर्थ हाच खरा अर्थ’ हा आमच्यासारख्या समीक्षकांचा आवडता आग्रह इथं चालत नाही.

मग ओळखायचं कसं? आम्ही तीन गोष्टी बघतो. जिफ कोणत्या वाक्याला उत्तर म्हणून आली, त्याच माणसानं ती आधी कधी वापरली होती, आणि सोबत एखादा शब्द आहे का. तिसरी खूण सर्वांत भरवशाची. काकांनी नुसतं ‘अभिनंदन’ टाईप केलं असतं, तर तोच केन निमूटपणे शाबासकी देणारा झाला असता.

आपण म्हणतो, शब्द अपुरे पडतात म्हणून जिफ पाठवली. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा शब्द पुरेसे असतात. ते आपल्याला बांधून ठेवतात, म्हणून टाळतो. ‘मला तुझा अभिमान वाटतो’ लिहिलं की मागे फिरता येत नाही. काकांना शेवटी तेच करावं लागलं. त्यांनी तिला फोन केला, अनुवाद वाचला होता हे सांगितलं, आवडलेलं एक वाक्य वाचून दाखवलं. त्यानंतर ती बोलती झाली.

केनची टाळी सभागृहाला पटली नव्हती. जिफमध्ये ती जगभर खरी मानली गेली. त्याला हवं होतं ते अखेर मिळालं, फक्त टाळ्या कुणासाठी होत्या, हे त्या चित्रातून पुसलं गेलं. ते सांगणं आता पाठवणाऱ्याकडे आलं आहे.