शेवटून कापलं तर काय उरेल?

माझी मावसबहीण भोर तालुक्यात शाळाबाह्य मुलांसोबत काम करते. गेल्या महिन्यात तिचा रात्री उशिरा मेसेज आला : "दादा, पेपरला लेख पाठवायचाय. ६०० शब्दांची मर्यादा आहे, माझे १०८० झालेत. थोडं कमी करून दे ना." सोबत फाइल होती. विषय कमी पटाच्या शाळांचा.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभ्या करण्याचे प्रस्ताव मागवले. वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, अशी ती कल्पना. तेव्हापासून यावर भरपूर लिहिलं गेलंय. बहिणीलाही यावरच लिहायचं होतं, आणि तिच्याकडे इतरांकडे नसलेली एक गोष्ट होती. अशा शाळेत जाणारी मुलं ती रोज बघते.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाचं लेखांचं पान लावायचो. त्या सवयीने मी मजकूर वाचण्याआधी फक्त शब्द मोजले, परिच्छेदानुसार. भिडेवाड्यातल्या १८४८च्या शाळेवर १४० शब्द. मातृभाषेतल्या शिक्षणाच्या महत्त्वावर २१०. फिनलंडवर १३०. 'एकीकडे असे, तर दुसरीकडे तसे' यावर १८०. शेवटी सरकार, समाज आणि पालक यांना आवाहन, २२० शब्द. सरकारच्या युक्तिवादाला ९०, कायद्याला ४०. आणि तिने स्वतः पाहिलेल्या शाळेला? फक्त ७०.

म्हणजे जे कुणीही लिहू शकतं त्याला जागा भरपूर, आणि जे फक्त तीच लिहू शकते ते कोपऱ्यात. 'थोडं कमी' करून हे सुटणार नव्हतं. सगळीकडून थोडंथोडं छाटलं असतं तर हाच लेख ६०० शब्दांत मिळाला असता, तितकाच पसरट.

दुसरी अडचण पानाची. छापील पानावर जागा ठरलेली असते. रात्री घाईत लेख मोठा निघाला की उपसंपादक बहुतेक वेळा शेवटून कापतो, कारण तिथे कापणं सगळ्यात सोपं. बहिणीची मागणी होती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. ती कापली गेली असती, तर भिडेवाडा आणि फिनलंड उरले असते.

मग मी ती मागणी शोधून वाचली : 'याबाबत शासनाने गांभीर्याने विचार करणे ही काळाची गरज आहे, असे या ठिकाणी नमूद करावेसे वाटते.' पंधरा शब्द. मी तिला फोन केला आणि विचारलं, "याच्या उलट बोलणारा एक तरी माणूस दाखव. शासनाने गांभीर्याने विचार करू नये, असं कोण म्हणेल?"

ती हसली. भूमिका आहे की नाही, हे ओळखायची माझी हीच परीक्षा आहे. वाक्य उलटं करून बघायचं. उलटं वाक्य कुणीच शहाणा माणूस बोलणार नसेल, तर मूळ वाक्यात भूमिका नाही, नुसती सदिच्छा आहे.

"मग लिही, शाळा बंद करू नका," मी म्हणालो.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, खरं सांगू? त्या शाळेत सहा मुलं आहेत. तिसरीत एकच मुलगी. तिला खेळायला बरोबरीचं कुणी नाही, वर्गात बोलायला कुणी नाही. कधीकधी मलाच वाटतं, मोठ्या शाळेत गेली तर बरं होईल."

हे लेखात कुठेच नव्हतं. तिची भाषा गुळमुळीत वाटत होती, कारण तिचं ठरलंच नव्हतं. 'एकीकडे-दुसरीकडे'चे १८० शब्द ती समतोल म्हणून लिहीत नव्हती, लपायला लिहीत होती. अशा वेळी शैली सुधारून उपयोग नसतो.

मी विचारलं, "ती मोठ्या शाळेत गेली तर नेमकी कशाची भीती वाटते?" उत्तर लगेच आलं. "ओढ्याची. पावसाळ्यात तो भरला की पलीकडे जाता येत नाही. गाडी देऊ म्हणतात, पण ती वाडीपर्यंत येईल का, जुलैत येईल का, हे कुणी सांगत नाही."

मिळाली भूमिका. गाडीची सोय होईपर्यंत शाळा बंद करू नका. सात शब्द. ही भूमिका 'सगळ्या शाळा वाचवा'पेक्षा लहान आहे, पण तिला ती मनापासून पटते, आणि हिच्या उलट बोलणारी माणसं खरोखर आहेत.

आता युक्तिवाद. तिच्या लेखातला सगळ्यात ठाम दावा कायद्याचा होता. शिक्षणहक्क कायदा २००९चा आणि राज्याचे नियम २०११चे. त्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. म्हणून शाळा बंद करणं बेकायदा, असं तिने लिहिलं होतं.

हा दावा ऐकायला जोरदार, पण नियम माहीत असलेला वाचक तो एका ओळीत पाडेल. जवळ शाळा नसेल तिथे मुलांच्या वाहतुकीची सोय करण्याची वाट नियमांतच आहे, आणि समूह शाळांचे समर्थक तिच्यावरच बोट ठेवतात. एक दावा असा पडला की वाचक बाकीच्यांवरही शंका घेतो.

पण तीच वाट नव्या भूमिकेच्या बाजूने वळवता येते. अंतर वाढवायची परवानगी वाहतुकीच्या अटीवर असेल, तर अट आधी पूर्ण करा आणि कुलूप नंतर लावा. 'बेकायदा' हा शब्द गेला आणि मुद्दा अधिक पक्का झाला.

तिसरीतल्या त्या एकट्या मुलीला मात्र लेखात आणायलाच हवं, असं मी सांगितलं. तिला भीती वाटली, "हे तर त्यांच्याच बाजूचं आहे ना?" आहेच. पण विरोधकाचा सगळ्यात चांगला मुद्दा तू मांडला नाहीस, तर वाचक तो मनात मांडतोच, आणि तिथे उत्तर द्यायला तू नसतेस. तो कबूल करून पुढे म्हणायचं : मैत्रिणी मिळाव्यात म्हणून तिला मोठी शाळा हवी, पण जुलै-ऑगस्टात ती घरीच बसली तर मैत्रिणीही नाहीत आणि शाळाही नाही.

एक मर्यादाही सांगितली. एका वाडीवरून सगळ्या महाराष्ट्राबद्दल बोलू नकोस. 'राज्यभर मुली शाळा सोडतील' हे वाक्य काढ. तू पाहिलंस ते 'मी पाहिलं' म्हणून लिही, तेवढं पुरेसं आहे.

चार दिवसांनी नवा खर्डा आला. भूमिका पहिल्या ८० शब्दांत. मग वाडी, ओढा आणि ती मुलगी, १३० शब्द. कायद्याला ७०. विरोधी मुद्दा आणि त्याला उत्तर, १४०. मागणी १२०. शेवट ४५. एकूण ५८५. शेवटचे ४५ कापले गेले तरी मागणी शाबूत राहते.

भिडेवाडा काढताना तिला फार वाईट वाटलं, असं तिने कळवलं. मला समजतं. पण त्या १४० शब्दांच्या जागेत आता ओढा वाहतोय.