मढी धावू का लागली?

विक्रम आणि वेताळाच्या गोष्टीत एक नियम आहे. राजाने वाटेत तोंड उघडले की प्रेत परत झाडावर. हा नियम काढून टाकला तर राजा पहिल्याच फेरीत मसणवाट ओलांडून जाईल आणि पंचवीस गोष्टी घडणारच नाहीत. भुताखेतांच्या कथेत नियम हा असा कथेचा कणा असतो. कथाकाराला जे भय दाखवायचे असते, त्याला साजेसा नियम तो घडवतो.

गेल्या पाऊणशे-शंभर वर्षांत जगभर रुजलेल्या झॉम्बीकथेला हे जास्तच लागू पडते. चालते-फिरते मढे ही कल्पना एकच, पण प्रत्येक कथेत त्याचे कायदे निराळे. कुठे ते रखडत चालते, कुठे घोड्यासारखे धावते. कुठे चावल्यावर माणूस काही तासांनी बदलतो, कुठे वीस सेकंदांत. रसिक मंडळी यावर वाद घालतात की खरा झॉम्बी कोणता. माझ्या मते तो वाद व्यर्थ आहे. विचारायचा प्रश्न एवढाच, की या कथाकाराने नियम बदलला तो कशासाठी?

मूळचा झॉम्बी चावत नाही

झॉम्बीचे मूळ हैती देशातले. उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची ती समजूत. मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवतो आणि कामाला जुंपतो. 1932 च्या ‘व्हाइट झॉम्बी’ या चित्रपटात असे झॉम्बी साखरेच्या कारखान्यात मुकाट राबताना दिसतात. हा झॉम्बी कुणाला चावत नाही, त्याची बाधा होत नाही. कारण तिथे भीती झॉम्बीची नाहीच, आपण झॉम्बी होण्याची आहे. मरणानंतरही मालक सुटणार नाही, ही ती भीती. अशा कथेत संसर्गाला जागाच नसते.

संसर्गाचे वळण दिले ते जॉर्ज रोमेरो यांच्या 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने. गंमत अशी की या चित्रपटात झॉम्बी हा शब्द कुणी उच्चारतच नाही. इथे मांत्रिक नाही, मालक नाही. मेलेली माणसे उठतात, रेंगाळत चालतात आणि जिवंतांना खातात. त्यांना पळून चकवता येते. मग भीती कशाची? रोमेरो यांनी सात माणसे एका शेतघरात कोंडली आहेत. तळघरात दडायचे की वरच्या खोल्या लढवायच्या, यावर ती भांडत बसतात. संथ मढ्यांमुळे त्यांना भांडायला वेळ मिळतो, आणि नाश होतो तो या भांडणाने.

चावा आणि बदल यांतला वेळ

गती, बाधा आणि वाचणारे असे तीन नियम वरवर वेगळे दिसतात. त्यांना बांधणारी गाठ मात्र एकच आहे. चावल्यापासून माणूस पालटेपर्यंत वेळ किती?

रोमेरोंच्या त्याच तळघरात कूपर दांपत्याची चावा बसलेली लहान मुलगी निजली आहे. आईबाप तिची शुश्रूषा करतात. तिला काही तास असल्यामुळे आशा आहे, माया आहे. ती उठते तेव्हा आईचाच जीव घेते. लांबलेला वेळ घरात आजारी माणूस देतो, आणि त्याला टाकायचे की सांभाळायचे हा प्रश्नही.

आता डॅनी बॉइल यांचा 2002 चा ‘28 डेज लेटर’ घ्या. यातली माणसे मेलेली नाहीत, एका विषाणूने पिसाळलेली आहेत. ती धावतात, आणि रक्त अंगात गेल्यापासून पालटायला दहा-वीस सेकंद. इथे शुश्रूषेला वावच नाही. सेलिना नावाची तरुणी आपल्या सोबत्याच्या हातावर जखम पाहते आणि क्षणात त्याला कोयत्याने कापते. पुढे फ्रँक हा प्रेमळ बाप वर पाहतो, आणि प्रेत टोचणाऱ्या कावळ्यामुळे रक्ताचा एक थेंब त्याच्या डोळ्यात पडतो. लेकीला ‘लांब हो’ म्हणण्यापुरतेच क्षण त्याला मिळतात. रोमेरोंकडे दया करायला वेळ होता. बॉइल यांनी तो काढून घेतला आणि विचारले, की दयेला वेळच नसेल तर माणूस माणूस राहतो का?

जिवंत विषाणू घेतल्यावर आणखी एक नियम आपोआप येतो. जिवंत शरीर उपासाने मरते. म्हणून चित्रपटातला मेजर एका बाधित सैनिकाला साखळीने बांधून ठेवतो, तो किती दिवसांत मरतो हे पाहण्यासाठी. साथीला शेवट आहे असे ठरल्यावर वाचलेल्यांचा प्रश्न बदलतो. तो शेवट येईपर्यंत सत्ता कुणाच्या हाती? त्या सैनिकांच्या तावडीत सापडलेल्या बायकांना त्याचे उत्तर कळते.

हे नियम एकमेकांशी जुळले नाहीत की कथा लंगडते. ‘वर्ल्ड वॉर झेड’ या मॅक्स ब्रुक्स यांच्या 2006 च्या कादंबरीत मढी संथ आहेत आणि बाधा सावकाश चढते. म्हणून बाधित माणूस सीमा ओलांडू शकतो, सरकारे लपवाछपवी करू शकतात. 2013 च्या चित्रपटाने थरारासाठी झॉम्बी धावते केले आणि बदल जवळपास बारा सेकंदांवर आणला. मग बारा सेकंदांत पिसाळणारा माणूस विमानतळावरची रांग ओलांडून परदेशी गेला कसा, हा प्रश्न उरतोच.

बंद दार आणि कोरडा नळ

वाचणाऱ्यांचा नियम सर्वांत सुंदर वापरला आहे तो 2016 च्या कोरियन ‘ट्रेन टू बुसान’ने. इथले झॉम्बी वेगवान आहेत, पण त्यांना अंधारात दिसत नाही आणि दाराची कडी उघडता येत नाही. त्यामुळे डब्याचे दार हीच सीमा ठरते. मागच्या डब्यांतून जीव वाचवत आलेल्या माणसांना पुढच्या डब्यातले लोक बाधित समजून आत घेत नाहीत. झॉम्बीला दार उघडता येत नाही, माणसाला येते आणि तो उघडत नाही. ही बोच दाखवण्यासाठीच तो नियम आहे.

आपल्या मराठीत हा प्रयोग आदित्य सरपोतदार यांनी जानेवारी 2022 मधल्या ‘झोंबिवली’त केला. नावातला खेळ मराठी कानाला दुहेरी लागतो, कारण झोंबी म्हणजे कुस्तीतली झटापट हे आपल्याला आधीच ठाऊक असते. कथा डोंबिवलीची. एकीकडे उंच इमारतींचे संकुल, शेजारी पाण्याला महाग झालेली वस्ती, आणि बाधेचे मूळ पाण्यात, पाण्याच्या धंद्यात. त्याआधी 2013 च्या ‘गो गोवा गॉन’ने बाधा आणली ती रेव्ह पार्टीतल्या अमली पदार्थातून. तिथे दोष मौज करणाऱ्याच्या माथी जातो. पाणी मात्र कुणी मौजेखातर पीत नाही. बाधा पाण्यातून आली की ‘कोण कुणाला चावले’ याच्या आधी ‘कुणाच्या नळाला काय आले’ हे विचारावे लागते. आमच्या वाशीमकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

याला मर्यादाही आहे. पाणी साथ सुरू करते, पण पाठलाग चालू ठेवायला चावा लागतोच. चावा सुरू झाला की इमारतीतला आणि वस्तीतला सारखाच धोक्यात येतो, आणि पाण्याचा प्रश्न मागे सरतो. चावा सर्वांना समान करतो, पाणी करत नाही. एका कथेत हे दोन्ही नियम नांदवणे म्हणूनच अवघड.

यापुढे एखादा मराठी लेखक चालती मढी घेऊन आला, तर ती धावतात की रखडतात एवढ्यावर थांबू नये. बाधा कुठून आली, पालटायला किती वेळ लागला आणि दार कुणी लावून घेतले, हे तीन प्रश्न विचारावेत. त्या लेखकाला खरी भीती कुणाची वाटते, हे त्यांच्या उत्तरांत सापडेल.