अर्ध्या तासाचा डाव

खेळाच्या खोक्यावर ‘वय वर्षे ८ ते ८०’ असे छापलेले असते. ‘वेळ रात्री साडेनऊ, खेळाडू दमलेला’ असे मात्र कुणी छापत नाही. वास्तविक आमच्या पुनावळ्यात खरे गिऱ्हाईक तेच. कुणी हिंजवडीहून, कुणी चाकणहून, तर कुणी माझ्यासारखा बँकेच्या काउंटरवरून सुटलेला. घरी यायचे, जेवायचे, की झोपेआधी अर्धा तास हातात उरतो. त्यात खेळ चुकीचा निवडला, तर या अर्ध्या तासाच्या मुदत ठेवीचे परस्पर दोन तासांसाठी नूतनीकरण होते.

पहिली शिफारस अर्थातच ल्युडोची. नवी मुंबईच्या गेमटियन कंपनीचा २०१६ सालचा ‘लुडो किंग’ २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला, तेव्हापासून ‘एक डाव टाकू’ हे आमच्याकडे रात्रीचे उपाहार्य झाले आहे. पण जरा हिशेब करा. सोंगटी पटावर आली, की घरात शिरेपर्यंत तिला ५६ पावले चालायची असतात. चार सोंगट्यांची झाली २२४. फाशाचे सरासरी दान साडेतीन. सहाला मिळणारी जादा पाळी धरली तर पाळीमागे फार तर ४.२. म्हणजे एका माणसाला त्रेपन्न-चौपन्न पाळ्या हव्यात. चौघे खेळाडू आणि पाळीला दहा सेकंद धरले, तर पस्तीस मिनिटे झाली! यात सोंगटी सुटण्यासाठी सहाची वाट पाहणे आले नाही, आणि घराच्या दारातून मारलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून चालवणेही आले नाही. शिवाय या पस्तीस मिनिटांत आपण खेळतो पाव हिस्सा, उरलेला वेळ दुसऱ्यांचे तोंड पाहतो. मध्येच उठावे तर तिघे खोळंबतात. रविवार दुपारी ल्युडो उत्तमच, पण तो अर्ध्या तासाचा खेळ नव्हे.

मग घड्याळ लावून बुद्धिबळ? प्रत्येकाला पाच मिनिटे दिली, की डाव दहा मिनिटांच्या पुढे जाऊच शकत नाही. व्यवहार चोख. पण शेवटच्या मिनिटात छाती अशी धडधडते, की कॅश टॅली होत नसतानाही कधी धडधडली नसेल. हरले की ‘आणखी एक’, जिंकले की ‘आता तर एकच’. वेळेचे गणित जुळते, झोपेचे जुळत नाही.

म्हणून माझे मत पत्त्यांच्या ‘फ्रीसेल’ला. बावन्नही पत्ते उघडे, आठ रांगांत मांडलेले. वर पत्ते तात्पुरते ठेवायला चार मोकळी घरे, आणि शेजारी एक्क्यापासून राजापर्यंत एकेका रंगाची गड्डी रचायला चार जागा. रांगेत लाल-काळा आळीपाळीने, उतरत्या क्रमाने लावायचे. झाकलेले काही नाही, म्हणून लक्षात ठेवायचे काही नाही. फोन वाजला, दूध उतू गेले, तरी परत येऊन पाहिले की सारा जमाखर्च समोर मांडलेला. प्रतिपक्ष नाही, त्यामुळे कुणी खोळंबतही नाही. दैवाला दोष देण्याची सोयही फारशी नाही: विंडोजमधल्या जुन्या खेळात ३२,००० क्रमांकित डाव होते आणि त्यांतला फक्त एक, क्रमांक ११९८२, सुटत नाही असे ठरले आहे.

मेंदू दमलेला असला, तरी एवढे दोन नियम पाळता येतात. पहिला पत्ता हलवण्याआधी एक्के आणि दुऱ्या कुठे गाडल्यात ते पाहा, आणि ज्या रांगेत त्या वरच्यावर आहेत तीच आधी उपसा. दुसरे, मोकळे घर म्हणजे बचत खाते. गरज नसता हात लावू नये. चारही घरे रिकामी असताना लावलेले पाच पत्ते एका दमात हलतात. दोन घरे भरली की तीनच, आणि चारही भरली की फक्त एक. चौथे घर भरायची वेळ आली, की डाव बुडीत खात्याकडे निघाला समजावे. तिथे रेटत बसू नये, चार चाली मागे घ्याव्यात.

फोनवर हा खेळ घेताना मात्र दोन गोष्टी तपासा. चाल मागे घेता येते का, आणि घड्याळ व गुण बंद करता येतात का. ही सोय नसेल तर खेळाच्या पोटात बुद्धिबळाचे घड्याळच शिरलेले असते. रोज यायला लावण्यासाठी हजेरीचे बक्षीस देणारा खेळ तर मुळीच नको. हजेरी सकाळी एकदा लावलेली असते, तेवढी पुरे.

फ्रीसेलचे उणे एवढेच, की तो एकट्याचा आहे. घरातली माणसे बोलावतात आणि आपण काळ्या सत्तीच्या शोधात असतो. परवा आमची सौ. म्हणाली, ‘‘अहो, संपला का डाव?’’ मी म्हटले, ‘‘नाही, पण उठतो.’’ हे वाक्य जो खेळ बिनतक्रार म्हणू देतो, तो रात्री साडेनऊनंतर घरात घ्यायला हरकत नाही.