मराठी पाठांची शोधसुलभता : वर्ग, खूणशब्द आणि एका अक्षराची दोन रूपे

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पात पाठांची विभागणी सॉफ्टवेअरचे नाव, भाषा आणि पातळी या आधारे केलेली आहे. आवृत्ती बदलली की वर्गाच्या नावातच तिची नोंद होते, Python 3.4.3 ही पाठमाला याचे उदाहरण होय. त्यामुळे जुना पाठ नव्याच्या रूपात विद्यार्थ्याची दिशाभूल करीत नाही, हा या रचनेचा मोठा गुण मानावा लागेल. मात्र ‘ॲनिमेशन कसे करावे’ एवढीच गरज घेऊन येणाऱ्या वणीच्या अध्यापकाला सॉफ्टवेअरचे नाव आधी ठाऊक असतेच असे नाही. एक पाठ एकाच वर्गात बसतो. त्यातील कार्य सांगायचे तर खूणशब्द, म्हणजे टॅग, हवेत. मराठी संकेतस्थळांवर खरी अडचण येथेच उद्भवते.

‘ॲनिमेशन’ हाच शब्द घेऊ. त्यातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : ‘अ’ला चंद्र जोडून (U+0905, U+0945) किंवा एकसंध (U+0972). दुसरे रूप 2008 साली, युनिकोड 5.1 मध्ये आले. डोळ्यांना दोन्ही अनेकदा सारखीच दिसतात, संगणकाला नाही. NFC या प्रमाणित रूपांतरणानेही ती एक होत नाहीत. समजा, 40 पाठांपैकी 14 जुने पाठ पहिल्या रूपाखाली आणि 26 नवे दुसऱ्याखाली आहेत. खूणशब्दावर टिचकी मारणाऱ्याला 26च दिसतात. लपतात ते नेमके जुने. (शुद्धलेखनाच्या चर्चेत रमणाऱ्या आपणास हा भेद बहुधा दिसतच नाही!)

तो ओळखण्याची साधी कसोटी आहे. अक्षरापुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबावा. बहुतेक संपादकांत जोडरूपातील केवळ चंद्र पुसला जाऊन ‘अ’ उरतो, तर एकसंध अक्षर पूर्ण जाते.

उपाय ग्रंथालयशास्त्रास परिचित आहे. तालिकेत जसे एक मान्य शीर्षक ठरवून इतर रूपांपाशी ‘पाहा’ अशी नोंद करतात, तसा एक मान्य खूणशब्द ठरवावा, 14 पाठ त्याखाली आणावेत आणि जुना पत्ता 301 या संकेताने नव्याकडे वळवावा. ही शेवटची पायरी वगळल्यास इतरांनी दिलेले दुवे तुटतात. नव्या नोंदी स्वीकारतानाच जोडरूपाचे एकसंध रूप करणारा नियम घातला नाही, तर वर्षभरात फूट पुन्हा पडते. ‘फाइल’ आणि ‘फाईल’ यांनाही हीच पद्धत लागू पडते. ‘ॲनिमेशन’ आणि ‘चलचित्रण’ एकत्र करावेत काय, हे मात्र कोणताही नियम सांगू शकत नाही. त्यासाठी ते पाठ कोणीतरी बसून पाहावे लागतात.